शेवटचे चार आकडे

माझ्या तोंडाला फटकळपणा आहे हे मला कुणी सांगायला नको. सासूबाई लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात म्हणाल्या होत्या, हिला काउंटरवर बसवा, गर्दी आपोआप कमी होईल. झालंही तसंच. डायलिसिस सेंटरच्या काउंटरवर बसून मला सतरा वर्षं झाली. गर्दी मात्र काही कमी झाली नाही.

आमच्याकडे दहा मशीन आहेत. पहिली पाळी सकाळी सातला लागते, दुसरी साडेअकराला, तिसरी चारला. एक पेशंट मशीनवर गेला की चार तास ते मशीन त्याचं. नियम साधा आहे. पैसे आधी भरायचे, भरल्याचं काउंटरवर दाखवायचं, मी वहीत नोंद करायची आणि फाइलवर शिक्का मारायचा. शिक्का नाही तर मशीन नाही. सिस्टर फाइल उघडतात ती शिक्का बघायलाच.

आता बहुतेक सगळे मोबाइलवरून भरतात आणि स्क्रीन माझ्यासमोर धरतात. त्यावर नंबरांची रांग असते, एकेक नंबर हातभर लांब. ते सगळे उतरवत बसले तर पहिली पाळी दुपारी लागेल. म्हणून मी माझी युक्ती काढली होती. वरच्या ओळीतल्या नंबरचे शेवटचे चार आकडे वहीत लिहायचे, नावापुढे. मागच्या वेळचे चार आणि आजचे चार वेगळे असले की मार शिक्का. दोन सेकंदांचं काम. गेल्या वर्षी एका महाभागाने जुनीच पावती तारीख बदलून तीन आठवडे दाखवली, तेव्हा वरून मला चांगलंच झापलं होतं. त्यानंतर ही युक्ती निघाली, आणि मी ती येईल त्याला कौतुकाने सांगायचे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी मी फुंकत होते. फुंकायचं कुठे ते मात्र नीट बघितलं नाही.

तो सोमवार होता. सोमवार आणि गुरुवारवाल्यांची बॅच. गुरुवारनंतर चार दिवसांनी येतात, त्यामुळे सोमवारी सगळ्यांचेच पाय सुजलेले, श्वास अपुरा, चेहरे फुगलेले. त्यांना लवकर आत घ्यावं लागतं. पावणेसातला दार उघडलं तेव्हा पेंटरदादा पहिलेच उभे होते. भिंती रंगवायचं काम करतात. नखांच्या कडेला कायम कुठला ना कुठला रंग असतो, त्या दिवशी पिवळा होता. त्यांची बायको, वहिनी म्हणते मी तिला, दाराजवळच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. तोंडाने श्वास घेत होती. चपला काढून ठेवल्या होत्या, पाय मावत नव्हते त्यात.

दादांनी मोबाइल पुढे केला. वरची ओळ बघितली, शेवटचे चार आकडे चार एक सात दोन. वहीत गुरुवारचे बघितले. चार एक सात दोन.

मी परत बघितलं. तेच. माझ्या डोक्यात लगेच गेल्या वर्षीचा तो महाभाग उभा राहिला. रक्कम तीच, नंबर तोच, तारीख तेवढी आजची. तारीख बदलायला काय लागतं हल्ली?

मी आवाज हळू ठेवायला हवा होता. मागे आठ-नऊ माणसं होती, सगळी ओळखीची, आठवड्यातून दोनदा भेटणारी. पण आवाज हळू ठेवणं मला कधी जमलेलं नाही.

"गुरुवारचीच पावती परत आणलीत? तारीख बदलून?"

दादा म्हणाले, नाही ताई, आत्ता पहाटे भरलेत. आधी एकदा अडकलं होतं, पैसे गेलेच नाहीत, मग परत भरले. मी म्हटलं, म्हणजे गोष्टही तयार करून आणली आहे. त्यांनी मोबाइल जवळ आणला, पिवळ्या नखाने स्क्रीनवर खालच्या ओळी दाखवायला लागले.

"ताई, वरचा राहू द्या. खालचे दोन बघा, ते वेगळे आहेत."

"खालचं वरचं मला शिकवू नका. सतरा वर्षं हेच करतेय."

आणि मग मी ते बोलले. त्यांची फाइल हातात धरून, हलवून दाखवत बोलले, की पैसे नसतील तर तसं सांगावं, आम्ही काही माणसं नाही आहोत का, पण ही चोरी कशाला? चोरी हाच शब्द वापरला मी. मागच्या रांगेत कुणीतरी बूट घासले. दादांचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकणार नाही, कारण मी बघितलाच नाही. फाइल बाजूला टाकली आणि पुढच्याला हाक मारली.

पुढचे काही रोकड देणारे होते, त्यांना पावत्या फाडल्या; काहींनी महिन्याचे एकदम भरले होते, त्यांना नुसता शिक्का. एक बाई नवीन होत्या, त्यांचं आधीचं काही नव्हतंच वहीत. सात वाजून दहा मिनिटांनी सिस्टर बाहेर आल्या. वॉर्डातून एका आजीला तातडीने पाठवलं होतं, पेंटरवहिनींच्या फाइलवर शिक्का आहे का विचारलं. मी नाही म्हटलं. ते मशीन आजीला गेलं. आजीची काही चूक नव्हती, सिस्टरचीही नव्हती.

साडेसातला वकीलसाहेब आले. ते नेहमी साडेसातलाच येतात. त्यांचं मशीन मी अडवून ठेवते, सिस्टरही काही म्हणत नाहीत, कारण ते वकीलसाहेब आहेत, इस्त्रीचा शर्ट घालून येतात आणि माझी चौकशी करतात. पेंटरवहिनींचं मशीन मी दहा मिनिटांपलीकडे थांबवलं नाही, साहेबांचं मात्र आठवड्यातून दोनदा अर्धा तास थांबवत आले, हे मला त्या दिवसापर्यंत कधी सुचलंही नव्हतं.

साहेबांनी मोबाइल समोर धरला. शेवटचे चार बघितले, वहीत बघितले. गुरुवारचे आणि आजचे एकच.

आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की सिस्टिममध्ये काहीतरी गडबड दिसतेय. शिक्का उचललाही होता. शाईत टेकवला होता. तेव्हा कुठे डोक्यात वीज चमकली. साहेबांच्या नंबरात गडबड, आणि पेंटरच्या नंबरात चोरी? पायाखालची वाळू सरकणं काय असतं ते मला तेव्हा कळलं.

साहेबांना बसायला सांगून मी अकाउंटवाल्या काकांना घरी फोन लावला. ते आठला येतात, अजून दाढी करत होते. मी सगळं सांगितलं, म्हणजे साहेबांचं सांगितलं, दादांचं पुटपुटले.  काका म्हणाले, "गेल्या बुधवारी नोटीस फिरवली होती. तुमची सही आहे त्यावर."

होती. मी न वाचता केली होती. आमच्याकडे नोटिसा रोज फिरतात, पंखे बंद करा, चपला बाहेर काढा. त्यातलीच एक समजून केली होती.

काकांनी मग शांतपणे समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं, आणि तेवढ्यानेच मला जास्त लागलं. पावतीवर तीन नंबर असतात आणि तिघांचे मालक वेगळे. ट्रान्झॅक्शन आयडी हा पैसे भरायची सोय देणाऱ्या कंपनीचा. तुम्ही भरायचं बटण दाबलं की ती त्या खेपेला एक नंबर देते. पैसे पोचोत की अडकोत, खेप झाली की नंबर पडला. दुसऱ्यांदा दाबलं की दुसरा. रेफरन्स नंबर हा आपला. आपणच देतो, कंपनी तो जसाच्या तसा छापते, म्हणजे पैसे कुणाच्या नावावर जमा करायचे ते आपल्याला कळावं. आपल्याकडे तो म्हणजे पेशंटचा फाइल नंबर. तो आज भरा, उद्या भरा, शंभरदा भरा, बदलणार नाही. आणि बँक रेफरन्स हा बँकेचा. पैसे खरोखर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलले की बँक तो त्या हलण्याला देते, आणि आपल्या खातेउताऱ्यात तोच दिसतो. पैसे आले का हे शोधायचं तर तो शोधायचा. आधी पावतीवर सगळ्यात वर ट्रान्झॅक्शन आयडी असायचा, म्हणून तुमची युक्ती चालून गेली. गुरुवारपासून कंपनीने पावती बदलली, रेफरन्स नंबर वर आला. नोटीस त्याचीच होती.

"म्हणजे मी गुरुवारी सगळ्यांचे फाइल नंबर लिहिले," मी म्हटलं.

"आणि आज परत तेच लिहिताय," काका म्हणाले.

फोन ठेवला आणि दादांची फाइल ओढली. कव्हरवर, उजव्या कोपऱ्यात, माझ्याच अक्षरात, जाड पेनाने लिहिलेला नंबर होता. शेवटी चार एक सात दोन. हीच फाइल हलवून हलवून मी त्या माणसाला चोर म्हटलं होतं. आम्ही फाइली नावावरून आणि रंगीत पट्ट्यांवरून काढतो, नंबर कुणी वाचत नाही, हे सगळं खरं. पण माझंच अक्षर मला ओळखता येऊ नये?

मी काउंटर सोडून बाहेर धावले. सतरा वर्षांत पाळी चालू असताना मी काउंटर सोडलेलं नाही. वहिनी बाकावर तशाच होत्या, डोळे मिटून. दादा बाहेर, गाड्या लावायच्या जागेत भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होते. बोलणं संपलं, त्यांनी मोबाइलवर काहीतरी दाबलं, वाट बघितली आणि वळले तर समोर मी.

"भरले ताई," ते म्हणाले. "मुकादमाकडून उसने घेतले. पण बघा ना, वरचा नंबर परत तोच येतोय. माझ्या मोबाइलला काय झालंय कळत नाही."

त्यांनी स्क्रीन माझ्यासमोर धरली. त्याच दिवसाचे दुसऱ्यांदा पैसे भरले होते त्या माणसाने. वर चार एक सात दोन. खाली ट्रान्झॅक्शन आयडी नवा, बँक रेफरन्स नवा. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात ना, ती काही घेत नाही. आपल्यालाच उभं राहावं लागतं.

मी म्हटलं, मोबाइलला काही झालेलं नाही दादा, चूक माझी आहे. सगळी माझी. हात जोडले. काय बोलले ते नीट आठवत नाही, फाइल नंबर वगैरे काहीतरी समजावत सुटले, जणू त्यांनाच शिकवायचं होतं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, होतं ताई, तुम्हालाही किती माणसं बघायची असतात. त्यांनी मला वाईटसाईट बोलायला हवं होतं. बोलले असते तर मला उत्तर देता आलं असतं, उत्तर द्यायची मला सवय आहे.

मग त्यांनी आवाज उतरवला.

"एवढं करा. हिला यातलं काही सांगू नका. ही झोपली होती. मी तिला सांगितलंय की माझा मोबाइल अडकला म्हणून उशीर झाला."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

मशीन आता एकही मोकळं नव्हतं; मी बाहेर होते तेवढ्यात सिस्टरनी साहेबांना शिक्क्याविनाच आत घेतलं होतं. चालू मशीनवरून माणसाला उठवता येत नाही. डॉक्टरांनी वहिनींना तपासलं, साडेअकरापर्यंत थांबता येईल म्हणाले, सिस्टरना लक्ष ठेवायला सांगितलं. चार तास ती बाई त्या बाकावर बसून राहिली. आडवं पडलं की तिला श्वास पुरत नव्हता. मी काउंटरच्या काचेतून तिच्याकडे दर पाच मिनिटांनी बघत होते आणि दर वेळी नजर काढून घेत होते. एकदा माझी उशी नेऊन पाठीला दिली. थँक्यू ताई म्हणाली ती मला. मला.

नऊ वाजता काका खातेउतारा घेऊन खाली आले. दोन ओळींखाली पेनाने रेघ मारली होती. पहाटेचा बँक रेफरन्स आणि पावणेआठचा बँक रेफरन्स, दोन्ही आमच्या खात्यात आलेले. पहाटे अडकलेल्या खेपेचा तेवढा उताऱ्यात पत्ता नव्हता, कारण ते पैसे हललेच नव्हते. म्हणजे दादांनी जे जे सांगितलं ते शब्दन्‌शब्द खरं होतं, आणि सगळं त्या स्क्रीनवर लिहिलेलं होतं, पिवळ्या नखाच्या खाली. दुसरी रक्कम परत पाठवायचा अर्ज मीच लिहिला. तीन नंबर तीन रकान्यांत लिहिले, प्रत्येकी दोनदा तपासून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरही नव्हता.

साडेअकराला वहिनी मशीनवर गेल्या. मी फाइल द्यायचं निमित्त करून आत गेले. सुया लावून झाल्या होत्या, नळीतून रक्त फिरत होतं, दादा पायाशी उभे होते. वहिनींना जरा बरं वाटत असावं, कारण त्यांनी नवऱ्याला फैलावर घेतलं होतं. शेजारच्या खाटांवरचे ऐकत होते. साधे पैसे भरता येत नाहीत यांना, मोबाइल कसला, डबडं आहे ते, शंभरदा सांगितलं नवीन घ्या, आज माझा जीव जायची वेळ आली यांच्या डबड्यापायी. दादा हसत होते आणि होय होय, चुकलं, म्हणत होते. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं, पटकन, आणि डोळ्यांनीच नको म्हणाले.

 फाइल अडकवली आणि बाहेर आले. माझ्या चुकीची बोलणी त्या माणसाने माझ्यासमोर खाल्ली आणि मी ती खाऊ दिली. सकाळी जे झालं ती चूक होती, घाईतली. हे मात्र मी समजून उमजून केलं.

घरी जेवण गेलं नाही. सासूबाईंना सांगितलं. वाटलं, त्या चार शब्द सुनावतील आणि मन हलकं होईल. त्या म्हणाल्या, चारचौघांत बोललीस ना, मग चारचौघांतच माफी माग. म्हातारीचं बरोबर होतं. तीच सगळी माणसं गुरुवारी रांगेत असणार होती. त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं, की दादांनी पैसे भरले होते, मीच आंधळी. तीन दिवस मनात वाक्यं जुळवत होते. सांगून टाकलं की सुटले, असंच वाटत होतं.

फक्त वहिनींचं काय करायचं? रांगेत बोलले तर त्यांच्या कानावर जाणारच, आणि दादांना शब्द दिला होता. म्हणून ठरवलं की आधी वहिनींनाच सांगायचं. त्यांना खरं कळू दे, नवऱ्याला उगाच बोलल्या हे कळू दे. मग दादांना दिलेला शब्द मोडला तरी चांगल्यासाठीच मोडला.

गुरुवारी मी तिन्ही नंबर बघितले, शिक्का मारला, सातच्या ठोक्याला वहिनी मशीनवर. साहेबांसाठी मशीन अडवलं नाही. ते आले, बसले, घड्याळ बघत राहिले. दादा चहा प्यायला बाहेर गेले तशी मी आत शिरले आणि वहिनींच्या खाटेशी स्टूल ओढलं. म्हटलं, वहिनी, सोमवारचं सांगायचंय. मोबाइल अडकला नव्हता.

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मी बाकावरच होते. डोळे मिटले होते, कान नाही."

 म्हणजे फाइल हलवत मी बोलले ते, चोरी हा शब्द, सगळं. आणि तरी पाठीला उशी दिली तेव्हा थँक्यू म्हणाल्या होत्या. मी विचारलं, मग त्यांना का बोललात एवढं? मोबाइलवरून?

"ते खोटं बोलले, ते माझ्यासाठी. मी रागावले नसते तर त्यांना कळलं असतं की मी ऐकलंय." मशीनकडे तोंड वळवून त्यांनी दम घेतला. "नवऱ्याला बायकोदेखत चोर म्हटलं, हे त्यांना कळायला नको."

मी म्हटलं, मी आज सगळ्यांसमोर माफी मागणार आहे. रांगेत सगळे आहेत. त्यांचं नाव स्वच्छ करायला नको का?

तेव्हा त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"तुम्हाला मोकळं वाटेल ताई. पण मग सगळे त्यांच्याकडे बघतील, आणि ते माझ्याकडे बघतील. राहू द्या."

तेवढ्यात दादा आत आले. मी स्टुलावरून उठले. काय गप्पा चालल्यात, त्यांनी विचारलं, आणि त्यांची नजर माझ्यावरून वहिनींवर गेली, घाबरलेली. वहिनी म्हणाल्या, ताईंना विचारत होते, चांगला मोबाइल कुठला घ्यावा, तुमचं ते डबडं कुठवर चालवायचं. दादांचे खांदे एकदम सैल पडले. ते हसले.

"बघा ना ताई, तीन दिवस झाले तरी हेच चालू आहे."

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, खरंच दादा, घ्या आता नवीन. एवढं बोलले आणि काउंटरवर परत गेले, रांगेतल्या सगळ्यांच्या समोरून, आणि कुणालाच काही सांगितलं नाही.